डोळ्याबद्दल डोळा: बदला की मोबदला?

प्रश्न: जुन्या करारात "डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात" असं आहे आणि येशू म्हणतो दुसरा गाल पुढे कर. मग देवाने मत बदललं असं समजायचं का? हे वचन मुळात कुठल्या प्रसंगात आलं आहे? आणि यहुदी लोक खरंच एकमेकांचे डोळे काढायचे का?

उत्तर:

जुना करार शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. दर वर्षी नव्या वर्गाला मी पहिल्यांदा एकच काम देतो: हे वचन पाठ म्हणू नका, पुस्तक उघडून त्याच्या वरच्या चार आणि खालच्या चार ओळी वाचा. बहुतेकांची समजूत तिथेच हलते.

वचन निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि प्रसंग फारच विशिष्ट आहे. दोन पुरुष मारामारी करताहेत. मध्ये एक गरोदर बाई सापडते, तिला धक्का लागतो आणि तिचं मूल बाहेर पडतं. पुढे आणखी काही इजा झाली नसेल तर नवरा मागेल तो दंड न्यायाधीशांच्या मार्फत भरायचा. पण इजा झाली असेल तर "जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात, हाताबद्दल हात, पायाबद्दल पाय", आणि पुढे भाजणं, जखम, वळ असे आणखी तीन. इथे मूल अकाली जन्मून जगलं की गर्भपात झाला, आणि 'इजा' आईला की बाळाला, यावर पुष्कळ वाद आहेत. त्या वादात आत्ता शिरत नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच की हा सूडाने पेटलेल्या माणसाला दिलेला सल्ला नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याच माणसाचं नुकसान झालं आहे, आणि पंचांसमोर त्याचं माप कसं लावायचं याचं ते कलम आहे.

आता लगेच खालची ओळ वाचा. मालकाने आपल्या दासाच्या किंवा दासीच्या डोळ्यावर मारून तो निकामी केला, तर "त्याच्या डोळ्याबद्दल" त्याला मोकळं करायचं. दात पाडला तर दाताबद्दल मोकळं करायचं. म्हणजे "डोळ्याबद्दल डोळा" लिहून दोन ओळी होत नाहीत तोच "डोळ्याबद्दल स्वातंत्र्य" आलं आहे, आणि शब्द तोच आहे. हिब्रूत तो 'तहत' असा आहे. मूळ अर्थ 'खाली', त्यावरून 'च्या जागी'. अब्राहामाने मुलाच्या जागी एडका अर्पण केला, तिथेही हाच 'तहत'. याच अध्यायाच्या शेवटी एकाचा मारका बैल दुसऱ्याच्या बैलाला मारतो, तेव्हा मालकाने "बैलाबद्दल बैल" भरून द्यायचा आहे. तिथे कुणी असं समजत नाही की सूड म्हणून आणखी एक बैल मारावा. तिथे उघड उघड भरपाई आहे.

मराठी भाषांतरकारांनी 'तहत'साठी 'बद्दल' वापरला, आणि मला तो फार नेमका वाटतो. हा शब्द अरबी 'बदल'वरून आपल्याकडे आला. त्याच मुळापासून मराठीत 'बदला'ही आहे आणि 'मोबदला'ही. या वचनावर पुढे जो काही वाद झाला तो बराचसा या दोन शब्दांमधला आहे.

पण घाईने "म्हणजे ते पैशाबद्दलच होतं" असं म्हणून सुटका करून घेऊ नका. मीही सुरुवातीची काही वर्षं वर्गात तसंच सांगायचो. मग एका विद्यार्थ्याने लेवीयाचा चोविसावा अध्याय समोर ठेवला. तिथे लिहिलंय की माणसाने दुसऱ्याच्या अंगी जसं व्यंग आणलं, तसंच त्याच्या अंगी आणावं. हे वाचून मोबदला सुचत नाही. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं तिसरं ठिकाणही कडक आहे: खोटी साक्ष देणाऱ्याने भावाचं जे करायचं योजलं होतं तेच त्याचं करावं, दयामाया करू नये. तेव्हा मूळ मजकुरात दोन्ही सूर आहेत हे मान्य केलं पाहिजे. मात्र संपूर्ण हिब्रू शास्त्रात एखाद्या न्यायसभेने या नियमाप्रमाणे कुणाचा डोळा काढल्याची एकही नोंद नाही. शास्त्यांच्या पुस्तकात अदोनी-बेजेक राजाचे अंगठे तोडलेले दिसतात आणि तो स्वतःच म्हणतो, मी सत्तर राजांचं जे केलं तेच माझं झालं. पण ती लढाईतली गोष्ट आहे, न्यायालयातली नव्हे.

शेजारच्या देशांचे कायदे पाहिले की आणखी एक समजूत ढासळते. आपल्याला वाटतं आधी लोक रानटी होते, डोळे काढत. मग सुधारले, पैसे घेऊ लागले. प्रत्यक्षात मेसोपोटेमियातले अधिक जुने कायदे पैशाचे आहेत. एश्नुन्नाच्या कायद्यात नाक चावून तोडलं तर एक मिना चांदी, डोळ्यालाही एक मिना, दाताला अर्धा मिना, थोबाडीत मारली तर दहा शेकेल, असा दरफलकच आहे. त्यानंतर इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास बाबिलोनचा राजा हम्मुराबी आला, आणि त्याच्या शिळेवर 'डोळ्याला डोळा' उमटला. पण तोही सगळ्यांसाठी नाही. प्रतिष्ठित माणसाने प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडायचा. साध्या माणसाचा फोडला तर एक मिना चांदी. दुसऱ्याच्या दासाचा फोडला तर दासाच्या किमतीची अर्धी रक्कम, आणि ती दासाला नाही, मालकाला. गरोदर बाईचं कलम त्याच्याकडेही आहे. प्रतिष्ठिताची लेक मारहाणीत मेली, तर मारणाऱ्याची लेक मारायची! निर्गमाचा मजकूर याच्याशेजारी ठेवला की फरक दिसतो. दासाच्या डोळ्याबद्दल मालकाच्या खिशात काही पडत नाही, दास सुटतो. शिक्षा मारणाऱ्याच्या मुलीकडे सरकत नाही. आणि लेवीय त्याच जागी स्पष्ट करतो की परदेशी आणि देशी दोघांना एकच नियम.

मग पैशाकडून डोळ्याकडे जावंसं कुणाला का वाटलं असेल? याचं उत्तर मला एका रोमन किश्शात सापडतं. रोमच्या बारा पाट्यांच्या जुन्या कायद्यात थप्पड वगैरे किरकोळ मारहाणीला पंचवीस आस दंड होता. पुढे नाण्याची किंमत घसरली. लुशियस वेराशियस नावाचा एक श्रीमंत टवाळ रस्त्याने लोकांच्या थोबाडीत मारत जाई आणि मागून त्याचा गुलाम थैलीतून पंचवीस-पंचवीस आस मोजून देई. ठरावीक दंड असला की पैसेवाल्याला मारण्याचा परवानाच मिळतो. "तुझाही डोळा तितक्याच किमतीचा आहे" हे वाक्य अशा माणसाला उद्देशून आहे. त्याच बारा पाट्यांत अवयव मोडण्याचं कलम असं आहे: तडजोड झाली नाही तरच तेवढ्यास तेवढं. म्हणजे डोळ्याची धमकी तडजोडीच्या मागे उभी असायची. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस आपल्या लोकांचा कायदा सांगतानाही जवळजवळ हेच म्हणतो: इजा करणाऱ्याला तीच इजा, पण जखमी माणूस पैसे घ्यायला तयार असेल तर गोष्ट वेगळी, आणि रक्कम ठरवण्याचा हक्क त्याचाच.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. यहुदी धर्मशास्त्राने हे वचन कसं वाचलं ते मिश्नामध्ये दिसतं. मिश्ना म्हणजे यहुदींच्या तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, तो इसवी सन २०० च्या आसपास संकलित झाला. त्याच्या 'बाबा कामा' भागाचा आठवा अध्याय सुरू होतो तोच असा: दुसऱ्याला जखमी करणारा पाच गोष्टींसाठी देणं लागतो. नेझेक म्हणजे कायमचं नुकसान, त्सार म्हणजे वेदना, रिप्पुई म्हणजे औषधोपचार, शेवेत म्हणजे बुडालेली मजुरी आणि बोशेत म्हणजे बेअब्रू. शिक्षा म्हणून डोळा काढण्याचा तिथे उल्लेखसुद्धा नाही, जणू प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे.

मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ म्हणजे तालमूद, त्याचे पंडित मात्र थांबून विचारतात की लिहिलंय डोळा, तर पैसे कुठून आले? त्यांचे युक्तिवाद वाचण्यासारखे आहेत. शिमोन बार योखाय म्हणतो, आंधळ्याने कुणाला आंधळं केलं तर त्याचं काय काढणार? मग 'सर्वांना एकच नियम' कसा राहील? दुसरा म्हणतो, एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, तर बरोबरी कशी झाली? तिसरा म्हणतो, डोळा काढताना माणूस दगावला तर 'डोळ्याबद्दल डोळा आणि जीव' होईल, आणि शास्त्राने तर फक्त डोळा सांगितला आहे. गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायातलं वचनही पुढे येतं: खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. जिवाबद्दल नको म्हटलं, म्हणजे अवयवाबद्दल चालते. बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या यहुदी पंडिताचा पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो, कारण तो त्याच अध्यायातला आहे. वचनाच्या शेवटी "वळाबद्दल वळ" आहे, पण थोड्याच ओळी वर सांगितलंय की कुणी दुसऱ्याला दगडाने किंवा ठोशाने मारून अंथरुणाला खिळवलं, तर त्याने बुडालेले दिवस भरून द्यावेत आणि त्याला बरं करवावं. मार खाल्ल्याबद्दल पैसे, तर वळाबद्दलही पैसे, आणि त्याच यादीतल्या डोळ्याबद्दलही. मैमोनिदीस वर एक गोष्ट सांगतो ती विसरू नये: त्या माणसाचा अवयव जाणंच योग्य होतं, म्हणून तो पैसे भरतो. वचन शब्दशः कडक का ठेवलं याचं उत्तर तिथे आहे. फोडलेला डोळा ही मोडलेल्या खुर्चीसारखी वस्तू नव्हे, हे गुन्हेगाराने ऐकलं पाहिजे.

हे पाच भाग प्रत्यक्षात कसे लागतात ते एका उदाहरणाने पाहू. समजा एका सुताराला भांडणात मार बसून एक डोळा गेला. आकडे माझे, पद्धत त्यांची. पहिलं, नेझेक. तो गुलामांच्या बाजारात उभा असता तर दोन डोळ्यांनिशी किती आला असता? समजा २००० झूझ, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. एका डोळ्याने? १४००. तर ६०० झूझ. ही मोजणी आपल्याला ओंगळ वाटते, पण कमाईची ताकद किती घटली हे मोजायला त्यांच्याकडे दुसरा बाजारभाव नव्हता. आपल्याकडच्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यालाही प्रत्येक अवयवापुढे कमावण्याच्या क्षमतेचे टक्के लिहिलेलं परिशिष्ट होतंच. दुसरं, वेदना: अशा माणसाने एवढं दुःख सोसायला किती घेतले असते? तिसरं, औषध. इथे तालमूद अगदी व्यवहारी होतो. मारणारा म्हणाला, "मीच तुला बरं करतो", तर जखमी म्हणू शकतो, "तू मला दबा धरलेल्या सिंहासारखा दिसतोस." तो म्हणाला, "माझ्या ओळखीचा वैद्य फुकट बघेल", तर उत्तर: फुकटचा वैद्य फुकटाच्याच लायकीचा. "लांबून वैद्य आणतो" म्हणाला, तर: वैद्य लांब तोवर डोळा जातो. थोडक्यात, पैसे रोख द्या. चौथं, बुडालेली मजुरी. ही सुताराच्या दराने नाही, कारण त्याची सुतारकी आधीच नेझेकमध्ये मोजली गेली. एक डोळा गेलेला माणूस जात्यावर दळायचं काम करू शकतो, तर अंथरुणावर पडून होता तेवढे दिवस दळण्याची मजुरी. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे लागू नयेत याची ही काळजी.

पाचवा भाग, बेअब्रू, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाची किल्ली माझ्या मते इथे आहे.

त्याच अध्यायात बेअब्रूचे दर आहेत. थोबाडीत मारली तर २०० झूझ. उलट्या हाताने मारली तर ४००. तुलनेसाठी, कुमारिकेच्या विवाहकरारातली किमान रक्कम २०० झूझ होती, आणि ज्याच्यापाशी २०० झूझ आहेत त्याने शेतातला गरिबांचा वाटा घेऊ नये असा दंडक होता. म्हणजे उलट्या हाताची चापट ही फार महागडी गोष्ट. ती लागते कमी, झोंबते जास्त. नोकराला, खालच्याला मारावी तशी ती असते.

आता मत्तयाचा पाचवा अध्याय उघडा. "डोळ्याबद्दल डोळा असं सांगितलेलं तुम्ही ऐकलं आहे" म्हटल्यावर येशू उदाहरण कशाचं देतो? फोडलेल्या डोळ्याचं नाही, पाडलेल्या दाताचंही नाही. तो म्हणतो, कुणी तुझ्या *उजव्या* गालावर मारली तर. उजव्या हाताने मारणाऱ्याची सरळ थप्पड समोरच्याच्या डाव्या गालावर पडते. उजव्या गालावर मारायची तर हात उलटा फिरवावा लागतो. करून पाहा, हवेत. मिश्ना मत्तयानंतर शंभराहून अधिक वर्षांनी संकलित झाली, त्यामुळे ४०० हाच आकडा येशूच्या काळी होता असं मी म्हणणार नाही. पण उलटा हात म्हणजे अपमान, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पुढची दोन उदाहरणंही त्याच जातीची आहेत: फिर्याद करून बंडी काढून घेणारा सावकार, आणि ओझं वाहायला मैलभर वेठीला धरणारा शिपाई. तिन्ही ठिकाणी शरीर शाबूत आहे, माणूस खाली दाबला जातो आहे.

म्हणजे येशू पाचवा भाग उचलतो, आणि बोलतोही वेगळ्या माणसाशी. निर्गमातलं वचन पंचांना सांगितलं आहे: इतकंच द्या, जास्त नको, आणि श्रीमंताला कमीही नको. येशूचं वाक्य न्यायासनावरच्या माणसाला नाही, चापट खाल्लेल्या माणसाला आहे. तुझं येणं आहे, ते वसूल करायला जाऊ नकोस. आणि खाली मान घालून पळूही नकोस, कारण दुसरा गाल पुढे करायला समोर उभं राहावं लागतं. यावरून न्यायालयंच बंद करावीत असा अर्थ काही पंथांनी काढला, आणि तो प्रामाणिकपणे पाळलाही. ल्यूथरने नेमकी उलटी वाट धरली: स्वतःसाठी गाल पुढे करायचा, पण न्यायाधीश म्हणून बसलास तर शेजाऱ्याच्या डोळ्याचा हिशेब नीट करायचा. मी या बाबतीत ल्यूथरच्या बाजूने आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "दुसरा गाल कर" म्हणून परत पाठवणारे उपदेशक मी पाहिले आहेत. तिच्या बाबतीत आधी निर्गम एकवीस लागू होतो.

देवाने मत बदललं का, याचं उत्तर आणखी मागे जाऊन द्यावं लागतं. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख बायकांपुढे बढाई मारतो: मला जखम केली म्हणून मी माणूस मारला, काइनाचा सूड सातपट, तर लामेखाचा सत्त्याहत्तरपट. त्या सत्त्याहत्तरावरून 'एकाला एक' वर येणं ही मोठी उतरण होती. ऑगस्टीनने हेच म्हटलं आहे, की हा नियम राग भडकवायला नव्हे, रागाला कुंपण घालायला दिला. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का, तेव्हा येशू जो आकडा सांगतो तो ग्रीकमध्ये लामेखाचाच आहे. आपल्या मराठी बायबलात "साताच्या सत्तर वेळा" आल्यामुळे हा धागा सुटतो.

जाता जाता: "डोळ्याबद्दल डोळा म्हटलं तर सगळं जग आंधळं होईल" हे वाक्य गांधीजींच्या नावावर फिरतं. त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. त्यांचे चरित्रकार लुई फिशर यांनी गांधींचा विचार समजावताना अशा अर्थाचं लिहिलं, तिथून ते चिकटलं.

कुराणातही हे वचन आहे, पाचव्या सूरेत. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या ग्रंथांत, आम्ही असं लिहून दिलं होतं असं सांगून ते पुढे जोडतं की जो हा हक्क दान म्हणून सोडेल, त्याच्या पापांची ती फेड ठरेल. इराणमध्ये ॲसिडने आंधळ्या झालेल्या एका बाईला न्यायालयाने हल्लेखोराचे डोळे घेण्याचा हक्क दिला होता. २०११ साली, शिक्षा अमलात यायच्या वेळी, तिने तो सोडला. हक्क आधी तिच्या हातात होता, म्हणून ती तो सोडू शकली.

शेवटी एक शंका माझे विद्यार्थी नेहमी काढतात, तुमच्याही मनात येईल: मग मारणारा मोकळाच सुटला का? मिश्नाच्या त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की पाचही रकमा चुकत्या केल्या तरी, ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन क्षमा मागेपर्यंत मारणाऱ्याला माफी नाही. आणि मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात, गालाच्या पंधरा वचनं आधी, येशू दुसऱ्या बाजूच्या माणसाशी बोलून गेला आहे: वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा.